बुक केली डिस्क, मिळाली ड्रम: डीलरविरुद्धची तक्रार कागदांवर कशी उभी करायची

प्रश्न: १२५ सीसी बाईकचं डिस्क ब्रेकवालं व्हेरियंट बुक केलं होतं. घरी आणल्यावर लक्षात आलं की पुढचा ब्रेक ड्रम आहे. अॅक्सेसरीजचे ६,८५० रुपये घेतले, पण सीट कव्हर सोडून काहीच बसवलेलं नाही. डिलिव्हरी नोटवर घाईत माझी सही घेतली, आरसीही आली आहे. कर्ज चालू आहे. डीलर म्हणतो, "सही केलीत, आता काही होणार नाही. हवं तर डिस्क बसवून देतो." काय करू?

उत्तर:

सही झाली म्हणजे हक्क संपला, असं नाही. पण दिवस मात्र तुमच्या विरोधात मोजले जातात. वस्तू विक्री अधिनियम १९३० चा साधा नियम आहे: वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर ती नाकारता येते. मात्र नाकारत असल्याचं न कळवता ती वाजवी मुदतीपेक्षा जास्त काळ ठेवून घेतली, तर कायद्याने ती स्वीकारली असं धरलं जातं. मग वस्तू परत करण्याचा हक्क जातो आणि नुकसानभरपाईचा उरतो. म्हणून आजच डीलरला ईमेल करा: "बुक केलेलं व्हेरियंट मिळालेलं नाही, ही डिलिव्हरी मला मान्य नाही." चार ओळी पुरेत. त्यासोबत ओडोमीटरचा फोटो जोडा. पुढे डीलर "तुम्ही दोन महिने फिरवलीत की" म्हणेल, तेव्हा हरकत कितव्या किलोमीटरला घेतली ते त्या फोटोत दिसेल.

डिस्क बसवून देण्याचा प्रस्ताव अजिबात मान्य करू नका. ड्रम व्हेरियंटमध्ये पुढचं हब, फोर्कचा खालचा भाग आणि ब्रेक लिव्हरची रचना वेगळी असते. डिस्कसाठी मास्टर सिलिंडर, होज आणि कॅलिपर लागतात, आणि कॅलिपर धरायला फोर्कवर जागा असावी लागते. शिवाय १२५ सीसीपर्यंतच्या बाईकला सीबीएस असतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही काही प्रमाणात लागतो. हा समतोल कंपनीने त्या ठरावीक जोडीसाठी बसवलेला असतो आणि शोरूमच्या मागच्या शेडमध्ये केलेल्या बदलाने तो बिघडू शकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तर कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करायलाच मनाई करतं. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने हा बदल पकडला, तर भांडण तुमच्या गळ्यात येईल. डीलर त्यात कुठेच नसेल.

आता कागद. तुमच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या रीतीने सिद्ध होतात, म्हणून त्या वेगळ्या ठेवा. व्हेरियंटची तक्रार डीलरने स्वतः तयार केलेल्या कागदांतून सिद्ध होते. अॅक्सेसरीजच्या बाबतीत एखादी गोष्ट नाही हे दाखवायचं असतं, आणि ते थोडं अवघड जातं.

व्हेरियंटसाठी पाच कागद समोर ठेवा: कोटेशन किंवा बुकिंग फॉर्म, टॅक्स इन्व्हॉइस, फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र, आरसी आणि विम्याची पॉलिसी. प्रत्येकावर मॉडेलचं पूर्ण नाव काय लिहिलंय ते एका कागदावर उतरवा, आणि चेसिस नंबर सगळीकडे तोच आहे का ते अक्षर न् अक्षर जुळवा. आरसीचं छापील कार्ड जवळ नसेल तर एम-परिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून मॉडेलचं नाव बघा. बऱ्याचदा तिथे नावापुढे ड्रम किंवा डिस्क असं लिहिलेलं असतं.

या पडताळणीतून तीनपैकी एक चित्र निघतं. पुढची सगळी दिशा त्यावर ठरते.

पहिलं: इन्व्हॉइस आणि आरसी दोन्ही डिस्कची, पण चाकात ड्रम. हे सगळ्यात गंभीर. नोंदणीच चुकीच्या माहितीवर झाली आहे, आणि यात आरटीओला खरोखर काम आहे. खोट्या माहितीवर नोंदणी मिळवणाऱ्या डीलरसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ ब मध्ये शिक्षेची तरतूद आहे. आरटीओकडे लेखी अर्ज करून गाडीची तपासणी मागा.

दुसरं: इन्व्हॉइस डिस्कच्या किमतीचं, आरसी मात्र ड्रमची. इथे फारसा वाद उरत नाही, कारण डीलरचे दोन कागदच एकमेकांना खोटं पाडतात.

तिसरं, आणि सगळ्यात जास्त दिसणारं: इन्व्हॉइस, फॉर्म २१, आरसी, पॉलिसी सगळं ड्रमचं, फक्त कोटेशन आणि घेतलेले पैसे डिस्कचे. डीलरच्या संगणकातून चेसिस नंबरनुसार बिल निघतं, त्यामुळे बिल बरोबर त्याच गाडीचं येतं. ग्राहकाकडून मात्र कोटेशनप्रमाणे रक्कम घेतलेली असते. अशा वेळी आरटीओकडे हेलपाटे मारण्यात अर्थ नाही. आरसी आणि गाडी जुळतात, तेव्हा त्यांच्या दृष्टीने नोंदणी बरोबर आहे, आणि पैसे परत मिळवून देणं हे त्यांचं काम नाही.

तिसऱ्या चित्रात खरा पुरावा म्हणजे बेरीज-वजाबाकी. समजा तुमचं कोटेशन असं आहे: एक्स-शोरूम ९८,४००, रोड टॅक्स व नोंदणी १२,३००, विमा ७,३००, अॅक्सेसरीज ६,८५०. एकूण १,२४,८५० रुपये, आणि कर्ज व डाउन पेमेंट मिळून तेवढेच तुम्ही दिले. आता प्रत्यक्षातले कागद बघा. इन्व्हॉइस ८९,९०० चं, आरटीओच्या कराची व शुल्काची पावती १०,९०० ची, पॉलिसीचा हप्ता ६,६५०. म्हणजे गाडीत ८,५००, नोंदणीत १,४०० आणि विम्यात ६५०, असे १०,५५० रुपये डीलरकडे कोणत्याही बिलाशिवाय राहिले. रोड टॅक्स गाडीच्या किमतीवर टक्केवारीने लागतो आणि विम्याच्या हप्त्याचा काही भागही किमतीशी बांधलेला असतो, म्हणून या दोन रकमाही खाली आल्या. ग्राहक बहुतेक वेळा फक्त एक्स-शोरूमचा फरक मागतात आणि हे दोन विसरतात. आरटीओची पावती डीलर देत नसेल तर परिवहन पोर्टलवर गाडीच्या नंबरवरून भरलेल्या कराचा तपशील पाहता येतो.

पॉलिसीत आणखी एक खूण आहे. नव्या गाडीचा आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, साधारणपणे किमतीतून पाच टक्के वजा करून काढतात. डिस्कच्या ९८,४०० वर तो ९३,४८० यायला हवा. पॉलिसीवर ८५,४०५ असेल तर ते ८९,९०० चे ९५ टक्के आहेत. म्हणजे विमा काढताना डीलरला गाडी कोणती आहे ते नीट ठाऊक होतं. "गोडाऊनमधून चुकून दुसरी गाडी आली" हा बचाव इथे लंगडा पडतो. त्याच पॉलिसीत इलेक्ट्रिकल आणि नॉन-इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीजचे रकाने असतात, तेही बघून ठेवा. कोरे असतील तर तो तुमच्या दुसऱ्या तक्रारीला छोटासा आधार आहे.

कर्ज आहे, म्हणजे फायनान्स कंपनीकडे डीलरने दिलेलं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस आहे. त्याची प्रत लेखी मागा. तुमच्याकडचं कोटेशन साध्या कागदावर, बिनसहीचं असेल तर डीलर ते नाकारू शकतो. पण ज्या कागदावर त्याने फायनान्स कंपनीकडून पैसे उचलले, तो त्याला नाकारता येत नाही. मात्र डीलरवरच्या रागापोटी ईएमआय थांबवू नका. कर्जाचा करार वेगळा आहे, आणि हप्ता चुकला तर दंड आणि खराब क्रेडिट रेकॉर्ड तुमच्या नावावर लागेल.

आता अॅक्सेसरीज. समजा ६,८५० ची फोड अशी: क्रॅश गार्ड १,९००, सीट कव्हर ८००, साडी गार्ड १,२००, टँक कव्हर ४५०, बॉडी कव्हर ७००, टेफ्लॉन कोटिंग १,८००. फोड दिलीच नसेल तर आधी तीच मागा. एकठोक "अॅक्सेसरीज किट" लिहिलं असेल तर किटमध्ये काय काय आहे ते ईमेलवर विचारा. उत्तर आलं तर पुरावा हातात येतो. नाही आलं, तर डीलर सांगू शकला नाही हे पुढे मांडता येतं.

या यादीतलं साडी गार्ड वेगळं काढा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२३ नुसार मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या बाईकला धरायला कायमचं हँडल, पायटेकू आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत, यासाठी तो नियम आहे. म्हणजे गाडी बनतानाच जे असायला हवं, ते डीलर अॅक्सेसरी म्हणून विकतोय. साडी गार्ड गाडीला लावलेलं असलं तरी त्याचे वेगळे १,२०० रुपये का, असं विचारता येतं. हेल्मेटचंही तसंच. नियम १३८ प्रमाणे दुचाकी खरेदीच्या वेळी बीआयएस मानकाचं हेल्मेट पुरवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तुमच्या बिलात हेल्मेटची ओळ असेल, तर कोणत्या आधारावर ती लावली ते लेखी विचारा.

क्रॅश गार्ड आणि कव्हरं मिळालीच नाहीत हे दाखवायला तीन गोष्टी कामाला येतात. पहिली, डिलिव्हरीच्या दिवशीचा फोटो. हार घातलेली गाडी, हातात मोठी किल्ली, शेजारी सेल्समन. हा फोटो बहुधा शोरूमनेच काढून पाठवलेला असतो. त्यात पुढच्या चाकाचं हब नीट बघा: ड्रमची गोल बंद थाळी दिसते की छिद्रं असलेली चकती? इंजिनच्या दोन्ही बाजूंना क्रॅश गार्डचा पाइप दिसतो का? डीलरच्याच फोनमधून आलेला फोटो त्याच्या डिलिव्हरी नोटला उत्तर देतो. तो चॅटमधून पुसू नका, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. पुढे ग्राहक आयोगापुढे देताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा, म्हणजे त्यावर तांत्रिक हरकत येणार नाही.

दुसरी गोष्ट, पहिल्या फ्री सर्व्हिसचं जॉब कार्ड. शक्य असेल तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी न्या. गाडी आत घेताना काय आहे आणि काय नाही याची नोंद होते. तिथे अॅडव्हायझरला विनंती करून लिहून घ्या: "पुढचा ब्रेक ड्रम, क्रॅश गार्ड नाही, टँक कव्हर नाही." तिऱ्हाइताने, त्याच कंपनीच्या छापील कागदावर, तारीख आणि किलोमीटरसह केलेली ही नोंद तुमच्या दहा फोटोंपेक्षा वजनदार ठरते. माझ्या मते अॅक्सेसरीजच्या वादातला हा सगळ्यात उपयोगी कागद आहे, आणि लोक तोच करून घेत नाहीत.

तिसरी, बिल. अॅक्सेसरीजचं जीएसटी इन्व्हॉइस आहे की नुसतं पिवळ्या पॅडवरचं "एस्टिमेट"? गाडीचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीतला वस्तूच्या वर्गाचा क्रमांक, ८७११ पासून सुरू होतो, दुचाकीच्या सुट्या भागांचा व अॅक्सेसरीजचा ८७१४. बिलात असा काहीच तपशील नसेल, किंवा बिलच नसेल, तर पैसे घेतले पण विक्री दाखवली नाही असा अर्थ होतो. डीलरला पाठवायच्या नोटिशीत हे धमकीसारखं लिहू नका. "सदर रकमेचं कर इन्व्हॉइस मिळालेलं नाही, ते द्यावं" एवढंच लिहा. डीलरच्या अकाउंट्स खात्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

टेफ्लॉन कोटिंग मात्र सिद्ध करायला अवघड आहे. केलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. त्याचं जॉब कार्ड आणि वॉरंटी कार्ड मागा. दोन्ही नसतील तर तेच सांगा. पण सगळी तक्रार त्या १,८०० वर उभी करू नका.

मग हिशोब असा होतो: अॅक्सेसरीजचे ६,८५० मधून सीट कव्हरचे ८०० वजा, राहिले ६,०५०. व्हेरियंटचे १०,५५०. एकूण १६,६०० रुपये. हा आकडा नोटिशीत ओळ न् ओळ फोडून लिहा. दोन लाख भरपाईच्या मागणीपेक्षा १६,६०० चा पक्का हिशोब डीलरला जास्त अडचणीत टाकतो, कारण त्यातला कोणता आकडा खोटा ते त्याला सांगावं लागतं.

नोटीस कोणाला पाठवायची यात पुष्कळ जण चुकतात. पाटीवरचं नाव आणि फर्मचं खरं नाव वेगळं असू शकतं. इन्व्हॉइसवरचा जीएसटी नंबर gst.gov.in वर टाकून कायदेशीर नाव आणि पत्ता काढा आणि तेच वापरा. नाही तर पुढे आदेश पाटीच्या नावाने होतो आणि वसुलीच्या वेळी "ही फर्म आमची नाही" असं ऐकावं लागतं. नोटिशीची प्रत बाईक कंपनीच्या कस्टमर केअरला द्या आणि एकच प्रश्न स्वतंत्रपणे विचारा: "या चेसिस नंबरची गाडी कोणत्या व्हेरियंटची म्हणून कारखान्यातून निघाली?" कंपनी बहुतेक वेळा म्हणते की डीलरशी आमचं नातं खरेदीदार-विक्रेत्याचं आहे, त्याच्या व्यवहाराला आम्ही जबाबदार नाही. ते काही अंशी टिकतंही. पण या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडेच आहे, आणि ते मिळवण्यासाठीच तिला सोबत घ्यायचं.

नोटिशीचा गाभा असा ठेवा:

> "दि. … रोजी मी … मॉडेलचं डिस्क ब्रेक व्हेरियंट बुक केलं. दि. … रोजी आपण चेसिस क्र. … ची ड्रम ब्रेक व्हेरियंटची गाडी दिली. डिस्क व्हेरियंटच्या कोटेशनप्रमाणे रु. १,२४,८५० माझ्याकडून घेण्यात आले. सोबतच्या तक्त्याप्रमाणे रु. १६,६०० जादा घेतले आहेत. १५ दिवसांत बुक केलेल्या व्हेरियंटची गाडी सर्व नोंदणी व विमा खर्चासह बदलून द्यावी. ते शक्य नसल्यास वरील रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करून क्रेडिट नोट द्यावी. डिलिव्हरी नोटवरील सही गाडी ताब्यात मिळाल्याची आहे, व्हेरियंट वा अॅक्सेसरीज मान्य असल्याची नाही."

पर्यायी मागणी मुद्दाम ठेवली आहे. आरसी तुमच्या नावावर झाल्यावर गाडी बदलायची म्हणजे जुनी नोंदणी, हायपोथिकेशन म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, विमा सगळं उलटं फिरवायचं. बाईक थोडीच चालली असेल आणि हरकत आठवड्याभरात घेतली असेल तर बदलून मागणं रास्त आहे. तीन-चार महिने वापरली असेल तर फरकाच्या रकमेवर भर द्या. आयोगाकडूनही तेच मिळण्याची शक्यता जास्त असते.

नोटीस स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोच जपा. पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, फक्त तक्रार समोरच्यापर्यंत पोहोचवून उत्तर मागते. तरीही डीलरने तिथे दिलेलं उत्तर जपून ठेवा. "ग्राहकाने स्वखुशीने ड्रम घेतली" असं त्याने लिहिलं, तर मग पैसे डिस्कचे का घेतले हा प्रश्न त्याच्यावर उलटतो.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तक्रार e-jagriti.gov.in वर ऑनलाइन भरता येते आणि वकील सक्तीचा नाही. तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि क्रमांक घातलेली कागदपत्रं एवढं लागतं. पहिल्याच पानावर वरचा हिशोबाचा तक्ता ठेवा, आणि प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या कागदावर आहे त्याचा पान क्रमांक लिहा. मागणीत १६,६०० रुपये, त्यावर व्याज, त्रासाबद्दल वाजवी भरपाई आणि खर्च मागा.

डीलरला तक्रारीची प्रत मिळाल्यापासून उत्तराला ३० दिवस आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे आयोगही मुदत वाढवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून आयोगाची नोटीस डीलरला कोणत्या तारखेला बजावली गेली याची नोंद ठेवा. ४५ दिवस उलटून आलेल्या उत्तरावर तिथेच हरकत घ्या. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर कलम ७१ व ७२ खाली अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. कलम ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैदेची किंवा किमान २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

बऱ्याच वेळा नोटिशीनंतर किंवा पहिल्या तारखेच्या आसपास डीलरचा फोन येतो: "या, बसून मिटवू." जा, पण कोणाला तरी सोबत न्या. उरलेल्या अॅक्सेसरीज बसवून मिटवायचं म्हणाले तर प्रत्येक वस्तूच्या पाकिटावरची एमआरपी बघा. १,९०० लावलेल्या क्रॅश गार्डच्या खोक्यावर कमी किंमत छापलेली असेल तर तो फरकही तुमचाच. व्हेरियंटच्या रकमेचं मात्र "पुढच्या सर्व्हिसमध्ये अॅडजस्ट करू" असं काही ऐकू नका. रक्कम खात्यात आणि क्रेडिट नोट हातात, दोन्ही मिळाल्याशिवाय "संपूर्ण व अंतिम तडजोड" लिहिलेल्या कागदावर सही करू नका. तक्रार दाखल झालेली असेल तर तडजोडीच्या अटी आयोगासमोर नोंदवून घ्या. डीलरने शब्द फिरवला तर नोंदवलेल्या अटींवरून थेट अंमलबजावणी मागता येते. शोरूमच्या केबिनमध्ये झालेल्या बोलण्यावरून ती मागता येत नाही.